इपॉक्सी दोन दिवसांनीही चिकटच राहत होतं : माझा अनुभव

खानापूरजवळच्या आमच्या शेतातल्या पंपाच्या बिडाच्या केसिंगला बारीक चीर गेली होती. इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर अशा दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं चिकटद्रव्य, भरलं, पण दोन दिवसांनीही बोट चिकटायचं, नख रुतायचं. लवकर वाळावं म्हणून दुसऱ्यांदा हार्डनर दुप्पट घातला. तेही रबरासारखं मऊच राहिलं आणि पंप सुरू करताच उखडलं. ऐन हंगामात जीव अगदी मेटाकुटीला आला.

चूक समजुतीत होती. इपॉक्सी रंगासारखं वाळत नाही. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडून जाळं विणतात. हार्डनर जास्त झाला की उरलेल्या रेणूंना जोडीदारच मिळत नाही, म्हणून जाळं अपुरं राहतं.

मग जुना थर पूर्ण खरवडला, कारण कच्च्या थरावर नवा टिकत नाही. चीर कोरडी केली, खरखरीत पॉलिश पेपरने घासली, ॲसिटोनने पुसली. पाकिटावर आकारमानाने 1:1 लिहिलं होतं, म्हणून फरशीच्या तुकड्यावर सारख्या लांबी-जाडीच्या दोन रेघा काढल्या. (वजनाचं प्रमाण वेगळं असतं, काट्यावर मोजताना ते बघा.) कडा खरवडत, रंगाचे पट्टे जाईपर्यंत तीन मिनिटं घोटलं आणि लगेच चिरेत दाबलं. पावसाळी गारव्यात ते सावकाश पिकतं, म्हणून 24 ऐवजी 48 तास हात लावला नाही. नंतर नख रुतलं नाही. पंप चालू केला, थेंबही गळला नाही.