एनपीव्ही २.३३, माझं उत्तर ३.५७

कॉस्टिंगमध्ये लागून तीन महिने झाले होते. एका मशीनचा प्रस्ताव टेबलावर आला. किंमत ३० लाख, आयुष्य ३ वर्षं, भंगाराचं मोल शून्य. कर भरून दरवर्षी १३ लाख रोख सुटणार आणि भांडवलाचा खर्च १० टक्के. एनपीव्ही, म्हणजे पुढची सगळी रोख आजच्या मोलात आणून त्यातून किंमत वजा केल्यावरची बाकी, २.३३ लाख निघाला. मग मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "आता हाच आकडा वर्षावार दाखव."

म्हणजे रेसिड्युअल इन्कम. घसारा १० लाख वजा जाता नफा ३ लाख, आणि त्यातून अडकलेल्या भांडवलाचं भाडं वजा. मी भाडं वर्षाच्या सरासरी पुस्तकी मूल्यावर लावलं, कारण आरओसीई, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, काढताना तीच सवय. तिन्ही वर्षांची बाकी आजच्या मोलात आणली तर ३.५७ लाख! दोन तास शीटमध्ये चूक शोधत बसलो.

मॅडमनी एकच विचारलं, "पहिल्या वर्षी पैसे किती अडकले होते?" पूर्ण ३० लाख. रोख वर्षअखेरीस येते असं आपणच धरलंय, मग वर्षभराचं भाडंही सुरुवातीच्या मूल्यावरच. भाडं ३, २, १ लाख झालं, बाकी ०, १, २ लाख उरली, आणि तिचं आजचं मोल बरोबर २.३३ लाख.

मग त्यांनी घसारा बदलायला लावला: १५, १०, ५ लाख. बाकी झाली उणे ५, दीड आणि साडेसात लाख. मी ताळा घेतला, तरी २.३३! पहिल्या वर्षी घसारा ५ लाखांनी वाढला, पण तेवढंच पुस्तकी मूल्य घटल्यामुळे पुढच्या वर्षी ५० हजारांचं भाडं वाचलं. आज जे जास्त कापलं, ते पुढे १० टक्क्यांसकट परत मिळतं. अर्थात घसाऱ्याची बेरीज ३० लाखच हवी. कराचा घसारा वेगळ्या नियमाने चालतो, म्हणून रोख हलत नाही.

गोम इथेच आहे. बेरीज पक्की असली तरी एकेका वर्षाचा आकडा घसाऱ्याच्या तालावर नाचतो. बोनस एका वर्षाच्या आकड्यावर असेल तर उणे ५ लाख बघून प्लँट हेड हे चांगलं मशीन नाकारेल. उलट जुनं मशीन काहीही न सुधारता वर्षागणिक छान दिसत जातं. मशीन तेच, भाडं तेवढं उतरलेलं.

ईव्हीए, म्हणजे इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड, हा याच हिशेबाचा स्टर्न स्टुअर्ट या सल्लागार कंपनीने ट्रेडमार्क केलेला अवतार. तिथे आर अँड डी सारखे खर्च भांडवलात धरण्याच्या दुरुस्त्या येतात. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे कर्जाचं व्याज वजा झालेला नफा घेणे. व्याज भांडवलाच्या भाड्यात आधीच मोजलेलं असतं, त्यामुळे ते दोनदा कापलं जातं. एनपीव्हीशी ताळा जुळला नाही, तर मी आधी व्याज बघतो आणि मग सुरुवातीचं पुस्तकी मूल्य.