गांडुळं मोजून कुळागराची माती कशी ओळखायची

एप्रिल-मेमध्ये खणून गांडुळं नाहीत म्हणून माती मेली असं ठरवू नका, सुक्या मातीत ती खोल जाऊन गप्प पडून राहतात. मोजणी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी करा, माती ओलसर हवी पण खड्ड्यात पाणी साचता कामा नये.

पोफळीच्या बुंध्यापासून जरा लांब, वरचा पालापाचोळा बाजूला करून 30 सेंमी लांब, रुंद आणि खोल चौकोनी तुकडा फावड्याने झटपट काढा, हळूहळू खणत बसलात तर हादऱ्याने गांडुळं खाली सटकतात. माती पांढऱ्या ताडपत्रीवर पसरून हाताने ढेकळं फोडायची, दोऱ्यासारखी बारीक पिल्लंपण मोजायची, तुटलेल्यांचं फक्त डोकं धरायचं नाहीतर एकाची दोन होतात. मोजून झालं की सगळी परत खड्ड्यात सोडून वर पाला घाला.

एवढ्या तुकड्यात 10 किंवा जास्त मिळाली तर चांगलं समजतात. पण एका खड्ड्यावर विसंबू नका, निदान तीन-चार खणा आणि शेणखताच्या ढिगाजवळचा धरूच नका, तिथे आकडा फुगतो. समजा 11, 9 आणि 2 आली, तर सरासरी साधारण 7 काढून मोकळं होऊ नका, त्या 2 वाल्या जागी बघा, बहुतेक पाला झाडून नेलेला असतो, माती तुडवून घट्ट झालेली असते किंवा चार बोटांखाली जांभा दगडच लागतो. पहिल्या दोन कारणांवर झावळ्या-पाला तिथेच कुजू देणं हा उपाय आहे, जांभ्यावर मात नाही. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागांच्या शेजारी परत मोजा.