सोन्याच्या नॅनोकणांचा रंग बदलला, तर दोष माध्यमाला देण्याआधी: या चुका टाळा

सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाच्या, सायट्रेटचे आवरण असलेल्या सोन्याच्या गोल कणांचे पाण्यातील द्रावण माणकासारखे लाल दिसते आणि त्याच्या शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यात मिठाचे बफर घातले की काही मिनिटांत द्रावण जांभळे आणि मग निळे होते. “माध्यम बदलले, म्हणून प्लाझ्मॉनचे शिखर सरकले,” अशी नोंद प्रयोगवहीत सर्रास आढळते. ती बहुतेक वेळा चुकीची असते.

त्याआधी नजरेची एक फसगत दूर करायला हवी. द्रावण निळे झाले म्हणजे शिखर निळ्या बाजूला गेले, असे वाटणे साहजिक आहे, पण घडते ते उलट. आपल्याला दिसतो तो न शोषला गेलेला प्रकाश. हिरवा शोषला गेला तर द्रावण लाल दिसते आणि शिखर ६०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे लाल बाजूला गेले तर ते निळे दिसते.

शिखर मुळात ५२० लाच का येते? प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राने कणातील मुक्त इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलले जातात, दोन टोकांना विरुद्ध प्रभार साठतात आणि त्यांचे आकर्षण इलेक्ट्रॉनांना मागे ओढते. या हेलकाव्याची नैसर्गिक वारंवारता प्रकाशाच्या वारंवारतेशी जुळली की शोषण तीव्र होते. हेच पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन. लहान गोलासाठी ही जुळणी सोन्याच्या परावैद्युतांकाचा वास्तव भाग माध्यमाच्या परावैद्युतांकाच्या उणे दुप्पट होतो तेथे घडते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा वर्ग, म्हणजेच परावैद्युतांक, सुमारे १.७७, म्हणून सोन्याचे मूल्य उणे ३.५ च्या जवळ हवे, आणि ते ५१५ ते ५२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात मिळते. क्वांटम डॉटप्रमाणे येथे ऊर्जापट्ट्यांमधील दरी रंग ठरवते, असे समजणे ही आणखी एक जुनी गफलत आहे.

आता माध्यमाचा वाटा मोजून पाहू. साखरेच्या वजनी ४० टक्के द्रावणाचा अपवर्तनांक सुमारे १.४० असतो. वरच्याच अटीत तो घातला तर उणे ३.९ हे मूल्य लागते आणि शिखर जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर पुढे जाते. प्रत्यक्षात सरकणे याहूनही थोडे कमी भरते, कारण सायट्रेटचा थर आणि आंतरपट्टा शोषण दोन्ही आड येतात. मिठाच्या बफरचा अपवर्तनांक तर पाण्यापेक्षा दशांशाच्या तिसऱ्या स्थानावरच वेगळा असतो. एवढ्या फरकाने शंभर नॅनोमीटरची उडी पडू शकत नाही.

खरे कारण असे, की सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि मिठाचे आयन त्या प्रभाराला झाकतात. कण चिकटले की शेजाऱ्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात आणि शिखर लांब तरंगलांबीकडे पसरते. माध्यमाच्या परिणामात अख्खे शिखर आकार फारसा न बदलता किंचित सरकते. गुठळ्यांमध्ये मात्र ५२० ची उंची घटते आणि ६०० ते ७०० च्या दरम्यान रुंद खांदा उभा राहतो. शंका उरल्यास द्रावण शुद्ध पाण्याने पातळ करून पाहावे: लाल छटा परतली नाही, तर दोष माध्यमाचा नव्हता. खातरजमेसाठी कणांचे प्रमाण तेच ठेवून केवळ साखर घातलेला नमुना मोजावा, कारण साखर अपवर्तनांक वाढवते, पण प्रभार झाकत नाही. कोरा नमुनाही त्याच साखरेच्या द्रावणाचा घ्यावा.

माध्यमातील बदल टिपणे हाच हेतू असेल, तर गोल कणांचा आग्रह सोडावा. लांबी रुंदीच्या चौपट असलेल्या नॅनोकांडीला दोन शिखरे असतात: आडव्या हेलकाव्याचे ५२० जवळ आणि लांबीच्या दिशेचे ८०० च्या जवळपास. लांबीच्या दिशेने प्रभार दूर दूर साठल्यामुळे मागे ओढणारे बल कमी पडते, म्हणून हेलकावा संथ होतो. साखरेच्या त्याच द्रावणात हे दुसरे शिखर वीसेक नॅनोमीटर सहज सरकते.

कांड्यांचाही स्वतःचा सापळा आहे. कांड्यांवर आवरण धरून त्यांना सुट्या ठेवणारे सीटॅब हे रसायन जास्तीचे उरते; ते काढण्यासाठी त्या वारंवार धुतल्या तर आवरण सुटून त्या चिकटतात. टोकाला टोक जुळले तर लांब शिखर पुढे जाते, पण कुशीला कूस लागली तर ते मागे येते, आणि मग कांड्या झिजून आखूड झाल्या असा भास होतो. अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लांबी मोजल्याशिवाय वर्णपटावरून आकाराबद्दल काहीही लिहू नये.