नोकरी सोडताय? ऑफिसच्या ई-मेलवरची खाजगी खाती आधी हलवा

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत तुम्ही कागदपत्रं पाहता आणि राजीनामा दिलाय. शेवटच्या दिवशी, कधी कधी दुपारीच, ऑफिसचा मेल बंद होतो. त्या पत्त्यावर तुमचं खाजगी काय काय आहे, ते नोटीस सुरू होताच शोधायला घ्या.

आठवणीवर विसंबू नका. मेलच्या शोधात welcome, verify, OTP, statement हे शब्द एकेक करून टाका. पाच वर्षांपूर्वीचं, विसरलेलं खातंही सापडतं. यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, घरच्या वहीत लिहा. सगळे मेल घरच्या पत्त्यावर फॉरवर्ड करायचा मोह टाळा. त्यात कंपनीचा मजकूर गेला तर जाता जाता नसता वाद.

आता लिंक्डइनचं उदाहरण घेऊ. सेटिंग्जमध्ये Sign in & security खाली Email addresses आहे. तिथे खाजगी मेल जोडा, त्यावर आलेल्या संदेशातून खात्री करा, मग तोच मुख्य करा. जुना पत्ता काढायचा तो सगळ्यात शेवटी. हाच क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. काही ठिकाणी बदलाची परवानगी जुन्या पत्त्यावरूनच मागतात, म्हणून हे काम मेल चालू असतानाच उरकायचं.

फसगत जास्त होते ती ‘Sign in with Google’ किंवा मायक्रोसॉफ्टचं बटण दाबून उघडलेल्या खात्यांत. तिथे तुमचा पासवर्डच नसतो, ऑफिसचं खातं हीच किल्ली. आधी Forgot password वापरून पासवर्ड तयार करता येतो का पाहा, मग मेल बदला. ते जमत नसेल तर नवं खातं उघडून आपला मजकूर तिकडे घ्या.

आयकराच्या पोर्टलचा धोका वेगळा. तिथे युजर आयडी पॅन असतो, त्यामुळे लॉगिन बिनबोभाट चालतं आणि काही बिघडलंय हे कळतच नाही. पण रिटर्नवर प्रक्रिया झाल्यावर येणारी आयकर खात्याची सूचना जुन्या मेलवर जात राहते. प्रोफाइलमधल्या संपर्क तपशिलात मेल बदला. म्युच्युअल फंड, विमा, बँक यांचंही असंच आहे.

कंपनीचं सिम वापरत असाल तर मात्र मेलच्याही आधी मोबाइल नंबर बदला, कारण बहुतेक ओटीपी तिथेच येतात. आधारशी तोच नंबर जोडलेला असेल तर ते काम पहिलं. त्यासाठी आधार केंद्रावर जावं लागलं तर हाताशी वेळ हवा. कंपनीच्या फोनवर ऑथेंटिकेटर ॲप असेल तर तेही स्वतःच्या फोनवर नव्याने लावा.

शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी घरच्या फोनवर प्रत्येक खात्यातून बाहेर पडा आणि नव्या मेलने पुन्हा आत शिरून बघा. एखादं अडलं, तर जुना मेल अजून उघडतोय.