काम थांबवताना शेवटची मेल अशी लिहा
एकत्र काम थांबवायचं ठरलं की फोनवर गोड बोलून विषय संपवू नका. त्याच दिवशी एक मेल पाठवा. सुरुवात आभारानं करा, पण आभार नेमके हवेत. ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘ऐन दिवाळीत तुम्ही दोन रात्री जागून कॅटलॉग पूर्ण केलात’ हे राहतं.

मग हिशेब. ‘बाकीचं बघून घेऊ’ या वाक्यातूनच पुढे कटुता येते. समजा, डिझायनरचं एक बिल बाकी आहे आणि एक काम अर्धवट आहे. मग लिहा: बिल क्रमांक 14 चे 18,000 रुपये 10 तारखेपर्यंत जमा करू; अर्धवट माहितीपत्रकाचे ठरलेल्या दराच्या निम्मे देऊ; मूळ फाइल्स तुम्ही त्याच दिवशी द्याल; आमचे पासवर्ड आम्ही बदलतो. अर्धवट कामाचा आकडा मात्र आधी फोनवर ठरवा, मेलमध्ये तो पहिल्यांदा दिसला तर समोरचा दुखावतो.

शेवटी विचारा, ‘यात काही राहिलंय का? नसेल तर ‘मान्य’ एवढं कळवा.’ ते उत्तर जपून ठेवा. जुन्या तक्रारी या मेलमध्ये अजिबात नकोत.