शनिवारी पिअरिंग जोडायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

शनिवारी संध्याकाळी पिंपळगावच्या पॅकहाऊसचं काम बंद झालं की आपण तिन्ही नेटवर्क जोडायला घेणारे, तेव्हा सातपूर ऑफिसात बसणाऱ्यांनी शुक्रवारीच एवढं उरकून ठेवा. सगळं एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये आहे, बिलिंग अ‍ॅपचं व्हीपीसी 10.10.0.0/16, कॉमन डेटाबेसवालं 10.20.0.0/16 आणि रिपोर्टवालं 10.30.0.0/16.

पहिलं म्हणजे हे आकडे कागदावरचे न धरता कन्सोलमध्ये उघडून बघा. दोन रेंज एकमेकांवर चढत असतील तर पिअरिंग होतच नाही, आणि नंतर जोडलेली जादाची रेंज चढत असेल तरी नाही. कोणी घाईत डीफॉल्ट व्हीपीसीतच सर्व्हर उभा केलाय का तेही बघा, कारण डीफॉल्ट सगळीकडे 172.31.0.0/16 च असतं, असे दोन निघाले तर एकातला सर्व्हर हलवल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग रिक्वेस्ट. एका बाजूने पाठवायची, दुसऱ्या बाजूने अ‍ॅक्सेप्ट करायची. क्लायंटचं अकाउंट वेगळं आहे, तर अ‍ॅक्सेप्ट करणारा माणूस शनिवारी फोनवर भेटेल ना ते आधीच विचारा, रिक्वेस्ट 7 दिवसांत एक्स्पायर होते. स्टेटस `active` दिसलं की लोक चहाला जातात, पण तेवढ्यानं एक पॅकेटही हलत नाही, राऊट आपणच टाकायचेत आणि दोन्हीकडे टाकायचेत. बिलिंगच्या बाजूने असा:

```
aws ec2 create-route --route-table-id rtb-xxxx \
  --destination-cidr-block 10.20.0.0/16 \
  --vpc-peering-connection-id pcx-xxxx
```

डेटाबेसच्या बाजूने उलटा, 10.10.0.0/16 साठी. आणि सबनेटला खरंच कुठलं टेबल लावलंय ते बघूनच, मेन टेबलमध्ये राऊट टाकायचा आणि सबनेटला मात्र दुसरंच टेबल लावलेलं, हा घोळ नेहमीचा. त्यानंतर डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये 5432 पोर्ट 10.10.0.0/16 ला उघडा.

तपासायला पिंग नको, आयसीएमपी उघडलेलं नसतं आणि उगाच घाबरायला होतं. बिलिंगच्या सर्व्हरवरून `nc -zv 10.20.4.15 5432` मारा. बराच वेळ लटकून टाइमआउट आला तर राऊट किंवा फायरवॉलचं बघा, लगेच `Connection refused` आलं तर रस्ता बहुतेक ठीक आहे, तिकडे पोस्टग्रेसच त्या पत्त्यावर ऐकत नाहीये.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मंगळवारच्या मीटिंगमध्ये वाद झाला. बिलिंग डेटाबेसला जोडलं, डेटाबेस रिपोर्टला जोडलं, मग बिलिंगवरून मधल्या डेटाबेसमार्गे रिपोर्टला जाता येईल की, वेगळी पिअरिंग कशाला? नाही जाता येत. ओळखीच्या ओळखीवर काम काढायची सवय आहे आपल्याला, इथे ती चालत नाही. गंमत म्हणजे बिलिंगच्या टेबलमध्ये 10.30.0.0/16 चा राऊट डेटाबेसच्या पिअरिंगवर टाकला तर तो मुकाट सेव्ह होतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, म्हणूनच माणूस फसतो. पॅकेट पिअरिंगमधून पलीकडे गेलं की एवढंच बघितलं जातं की ते त्याच व्हीपीसीतल्या एखाद्या नेटवर्क इंटरफेसच्या पत्त्याचं आहे का, 10.30 चा पत्ता तिथला नाही, पॅकेट टाकून दिलं. डेटाबेसच्या सबनेटच्या टेबलमध्ये पुढचा राऊट असला तरी उपयोग नाही, कारण ते टेबल त्या सबनेटमधून निघणाऱ्या ट्रॅफिकसाठी असतं, पिअरिंगवरून आलेल्या पॅकेटसाठी ते कोणी वाचतच नाही, मध्ये राऊटर असा बसलेलाच नाही. म्हणून बिलिंगच्या फ्लो लॉगमध्ये जाताना `ACCEPT` दिसेल आणि रिपोर्टच्या लॉगमध्ये त्या पत्त्याची एक ओळही नसेल, असं दिसलं की फायरवॉल उकरत बसू नका. याच कारणाने मधल्या व्हीपीसीचा नॅट गेटवे किंवा ऑफिसचा व्हीपीएनही पलीकडून वापरता येत नाही.

हां, मधल्या व्हीपीसीत प्रॉक्सी ठेवला तर चालतं, कारण तेव्हा पॅकेट प्रॉक्सीच्याच पत्त्यावर येतं आणि पुढचं कनेक्शन प्रॉक्सी स्वतः नव्याने उघडतो. पण तो सांभाळायचा कोणी? त्यामुळे बिलिंग आणि रिपोर्टची तिसरी पिअरिंग सरळ करायची, राऊट, सिक्युरिटी ग्रुप सगळं वरच्यासारखंच, पिअरिंग उभं करायचे पैसे लागत नाहीत. तीन व्हीपीसींना तीनच जोडण्या, पण दहा झाली तर पंचेचाळीस होतात, तेव्हा ट्रान्झिट गेटवे घेऊ, तो खरंच मध्ये बसून राऊटिंग करतो, पण प्रत्येक जोडणीमागे तासाचे आणि वर डेटाचे पैसे लावतो, सध्या क्लायंट ऐकणार नाही.

शुक्रवारी सहापर्यंत तिन्हींच्या राऊट टेबलचे आत्ताचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, बिघडलं तर काय काढायचं ते त्यावरूनच कळेल.