टेस्टर नसेल तर आधी पैशाची वाट तपासा

आर्वीकडच्या खेड्यांत कापूस खरेदीची नोंद ठेवणारं ॲप आम्ही तिघं मिळून चालवतो. टेस्टर कुणीच नाही. म्हणून दर रिलीजआधी एकच प्रश्न विचारतो: कुठल्या चुकीनं शेतकऱ्याचे पैसे चुकतील? बटणाचा रंग नंतर बदलता येतो. दोनदा पडलेली नोंद मात्र हिशेब बिघडवते.

तपासणी अशी करा. स्वस्तातल्या फोनवर १२.४० क्विंटल, भाव ७,००० रुपये भरा. ‘जतन करा’ दाबताच एअरप्लेन मोड लावा, पुन्हा दाबा, मग नेट सुरू करा. आता थेट सर्व्हरचा डेटाबेस उघडून बघा, फोनच्या स्क्रीनवर विसंबू नका. नोंद एकच हवी, रक्कम ८६,८०० हवी.

आमच्याकडे एकदा दोन नोंदी निघाल्या. पहिली सर्व्हरवर पोचली होती, फक्त तिचं उत्तर फोनपर्यंत आलं नव्हतं. तेव्हापासून पावतीचा क्रमांक फोनवरच तयार होतो, दुसऱ्या खेपेलाही तोच जातो आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमला `UNIQUE` लावलंय. एअरप्लेन मोडची नेमकी वेळ हातानं दरवेळी साधत नाही, म्हणून तीच रिक्वेस्ट दोनदा पाठवणारी एक ऑटोमेटेड टेस्टही लिहून ठेवा.